गल्ल्यातील पैसा आणि महिन्याचा नफा

शहागंजच्या बाजूला नान-खलियाचे छोटे हॉटेल काढलेल्या तरुणाचे नफा-तोटा पत्रक कसे वाचायचे, ते या वेळी पाहू. आकडे आम्ही उदाहरणासाठी धरले आहेत.

पहिली ओळ विक्रीची. महिन्याच्या बिलांची बेरीज 4,41,000 रुपये आहे, पण त्यात 5 टक्के जीएसटीचे 21,000 रुपये आहेत. ते गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारला द्यायचे, म्हणजे ती आपल्याकडची अमानत. खरी विक्री 4,20,000.

दुसरी ओळ मालाची, आणि खरी गोम इथेच आहे. मटण, मैदा, तेल, मसाला मिळून 2,10,000 ची खरेदी झाली. नवा मालक हाच खर्च धरतो. पण महिन्याच्या पहिल्या तारखेला कोठीत 18,000 चा माल होता आणि अखेरीस 40,000 चा उरला, कारण तेल-तांदूळ स्वस्तात मिळाले म्हणून जास्त भरले. तेव्हा 18,000 अधिक 2,10,000 वजा 40,000, म्हणजे खरोखर लागलेला माल 1,88,000 चा. विक्रीच्या जवळजवळ 45 टक्के. शेवटच्या रात्री कोठी आणि फ्रीजर स्वतः मोजल्याशिवाय हा आकडा निघत नाही. अंदाजाने लिहिलेली शिल्लक म्हणजे अंदाजाने लिहिलेला नफा.

45 टक्के जास्त वाटत असतील तर मटणापासून तपासावे. महिन्यात 100 किलो मटण लागले आणि एका प्लेटला कच्चे 150 ग्रॅम ठरले आहे, तर सुमारे 666 प्लेटा निघायला हव्यात. बिले मात्र 570 ची. म्हणजे साडेचौदा किलो मटण बिलाबाहेर गेले. 800 रुपये किलोने ते सुमारे 11,600 रुपये होतात. हात सैल सुटून वाढले गेले, नासले, की घरी डबा गेला? घरचा डबा खुशाल न्यावा, पण तो मालकाची उचल म्हणून वेगळा लिहावा.

विक्रीतून माल वजा जाता 2,32,000 उरले. कामगारांचा पगार 95,000, भाडे 40,000, गॅस व वीज 32,000, पॅकिंग, साफसफाई, दुरुस्ती वगैरे 35,000. राहिले 30,000. तंदूर, फ्रीजर, टेबल-खुर्च्यांना 3 लाख लागले आणि ते पाच वर्षे टिकतील असे धरले, तर दरमहा 5,000 घसारा. आता 25,000.

दुकानाची अनामत किंवा मामूंकडून घेतलेल्या रकमेची फेड या पत्रकात खर्च म्हणून येत नाही. म्हणून पत्रकात नफा दिसतो आणि गल्ला रिकामा असतो. रोख हिशेबाची वही त्यासाठी निराळी ठेवावी लागते.

आणि मालक सकाळपासून रात्रीपर्यंत स्वतः गल्ल्यावर बसतो, त्याचा पगार कुठे आहे? त्याच्या जागी माणूस ठेवला तर 18,000 द्यावे लागतील. ते वजा केले की हॉटेलने कमावलेले फक्त 7,000.