ग्रिडमधली वांगी पैठणी

येवल्याहून मामेबहिणीचा फोन आला तेव्हा मी एका क्लायंटच्या ब्रोशरशी कुस्ती खेळत होते. 'ताई, ती वांगी परत आली,' एवढंच म्हणाली. मला आधी वाटलं, मामीने पाठवलेल्या भाजीचं काहीतरी असेल! मग ट्यूब पेटली. वांगी म्हणजे वांगी रंगाची पैठणी. पुण्यातल्या एका गिऱ्हाईकाने तशीच पॅक करून कुरियरने परत केली होती. तक्रार एका ओळीची : 'फोटोत वाइन कलर होता, हातात जांभळी आली.'

आता खरी गोष्ट सांगते. तो वाइन कलर माझा होता.

झालं असं, की दिवाळीला गेले होते तेव्हा तिचं इन्स्टाग्राम पेज बघून मला भयंकर वाईट वाटलं. मामाच्या मागावरच्या साड्या एकाहून एक, पण पेज म्हणजे आठवडी बाजार. एक फोटो ट्यूबलाइटमध्ये निळसर, दुसरा पिवळ्या बल्बखाली, तिसऱ्यात मामीचा पाय. मी मास कॉम केलेली पोरगी, गप्प कशी बसणार? तिच्या फोनवर एक वॉर्म फिल्टर निवडला, त्याचा जोर ठरवून दिला आणि म्हटलं, यापुढे प्रत्येक फोटोला हाच. महिन्याभरात तिची ग्रिड एखाद्या मासिकाच्या पानासारखी दिसायला लागली. सोनेरी, मऊ, एका सुरातली. मीही दोन-चार मैत्रिणींना कौतुकाने दाखवली.

त्या शनिवारी एसटी पकडून गेले. कोपरगाव मागे पडलं, की येवल्याच्या आधीच पैठणीच्या दुकानांच्या पाट्या सुरू होतात. प्रत्येक पाटीवर मोर. मामाने मला एक शब्दही बोलला नाही. परत आलेली साडी घेतली, दाराच्या उजेडात धरली आणि म्हणाला, 'पोरी, हिचा रंग कोणता ते सांग.' मी म्हटलं, 'जांभळा.' त्याने साडी आडवी फिरवली. तीच साडी, तोच उजेड, आणि ती चक्क लालसर झाली! उभे धागे लाल, आडवे निळे. डोळ्याला लाल धागा जास्त दिसतो का निळा, ते तुम्ही कुठून बघता यावर. अशा कापडावर माझा वॉर्म फिल्टर बसला, म्हणजे त्याने निळ्याचा गळाच दाबला. उरली वाइन. हिरव्याचं तर त्याने मेंदी करून टाकलं होतं. साड्या वेगवेगळ्या, पण सगळ्यांवर एकच पिवळट चहा सांडलेला. यालाच मी 'कोहेजन' म्हणत होते.

तेव्हा पहिलं काम ठरलं. ग्रिड एकसारखी दिसायची असेल तर उजेड एकसारखा पाहिजे, रंग नाही. मामाच्या घराचं दार उत्तरेला आहे, त्यामुळे तिथे थेट ऊन येत नाही. सकाळी दहा ते अकरा, तीच फरशी, तेच अंतर, आणि फ्रेमच्या कोपऱ्यात एक कोरा पांढरा कागद. एडिट करताना साडीकडे बघायचंच नाही, कागदाकडे बघायचं. कागद पिवळा दिसला तर थंड बाजूला सरकवा, निळा दिसला तर उलट. कागद पांढरा झाला की थांबा आणि कागद क्रॉप करा. सगळ्या फोटोंतला पांढरा एकच असला, की पोपटी आणि राणी शेजारी बसूनसुद्धा एका घरातल्या वाटतात. सख्ख्या बहिणी, पण स्वभाव आपापला.

मग दुपारी जेवण झाल्यावर (मामीच्या हातची शेंगोळी, त्यावर वेगळा कॉलम लिहीन) आम्ही दोघी ग्रिड तपासायला बसलो. पद्धत सोपी आहे, ऑफिसात डबा खाताना जमेल. प्रोफाइलचा स्क्रीनशॉट काढायचा आणि फोन हातभर लांब धरून डोळे बारीक करायचे. अक्षरं, मोर, चेहरे सगळं विरघळतं, फक्त रंगांचे गठ्ठे उरतात. दुसऱ्यांदा तोच स्क्रीनशॉट ब्लॅक अँड व्हाइट करून बघायचा. इथे आम्हाला धक्का बसला. रंगीत बघताना राणी, जांभळी, गडद हिरवी अशी चांगली रेलचेल होती. रंग काढल्यावर तिन्हींचा एकच करडा चिखल. संक्रांतीच्या आधी तिने सलग पाच काळ्या पैठण्या टाकल्या होत्या, तिथे तर सरळ खड्डाच दिसत होता. अख्ख्या स्क्रीनवर उजळ म्हणावा असा एकच फोटो, मामाच्या हातांचा. म्हणजे आम्हाला नवा रंग नको होता, फिकं काहीतरी हवं होतं.

आणखी एक गंमत सापडली. काही साड्यांचे काठ फोटोच्या अगदी कडेला टेकलेले होते. सुटा फोटो बघितला तर छानच. पण ग्रिडमध्ये एकीचा उजवा काठ आणि शेजारणीचा डावा काठ यांच्यात केसाएवढी फट. लांबून दोन्ही मिळून एकच दोनरंगी साडी वाटायची. एका बाईंनी तर तिचा भावही विचारला होता! त्यावर उपाय म्हणजे फोटो काढतानाच साडीच्या चारी बाजूंना बोटभर फरशी मोकळी सोडायची. जुन्या चौकोनी फोटोंचं दुखणं उलट आहे. २०२५च्या जानेवारीत इन्स्टाग्रामने प्रोफाइलवरचे चौकोन उभट केले, तीनास चार या मापाचे. त्यामुळे जुना चौकोनी फोटो ग्रिडमध्ये दोन्ही बाजूंनी साधारण आठवा-आठवा हिस्सा कापला जातो. साडीचे काठ नेमके त्याच हिश्श्यात. अशा पोस्टवर जाऊन Adjust preview मध्ये फोटो सरकवता येतो, पण एक काठ आणला की दुसरा जातो. शेवटी तिने एक काठ निवडला.

आता मुख्य भानगड, शेजाऱ्यांची. बहिणीचा समज असा, की ग्रिड म्हणजे भिंत, फ्रेम एकदा लावली की लावली. तसं नाही. नवा फोटो डावीकडे वरच्या कोपऱ्यात येतो आणि बाकी सगळे एकेक घर पुढे सरकतात. ओळीतला शेवटचा खालच्या ओळीत पहिला होतो. म्हणजे आडवे शेजारी बदलत राहतात. आज शेजारी असलेले दोघे उद्या वेगळ्या ओळीत. पण उभे शेजारी कधीच सुटत नाहीत. कुठल्याही फोटोच्या खाली त्याच्या आधीचा तिसराच असणार, कारण दोघेही एकत्रच सरकतात. भाड्याचा शेजारी आणि स्वतःच्या फ्लॅटखालचा शेजारी, इतका फरक! म्हणून पोस्ट करण्याआधी तीन फोटो बघायचे : सगळ्यात नवा, कारण तो उजवीकडे येईल, नव्याकडून मोजलेला तिसरा, तो कायमचा खाली राहील, आणि चौथा, तो तिरका टेकेल.

तिच्या पेजवर हे करून बघू. वरून क्रम असा होता : मोरपंखी, मामाचे हात, राणीचा पदर. दुसऱ्या ओळीत अख्खी राणी, काळी, पोपटी. दोन राणी आहेत, पण एक पहिल्या ओळीच्या शेवटी आणि दुसरी खालच्या ओळीच्या सुरुवातीला, म्हणून त्या एकमेकींना भेटत नव्हत्या. आणि तिच्या हातात पुढचा फोटो तयार होता बांगडी मोराचा, तोही राणीच. तो टाकला असता तर सगळे एक घर सरकले असते आणि दोन्ही राण्या दुसऱ्या ओळीत शेजारी-शेजारी, वर तिसरी. डाव्या कोपऱ्यात गुलाबी ढीग! आज स्क्रीनवर काहीच दिसत नाही आणि उद्या सकाळी ढीग, म्हणून लोक गोंधळतात.

आम्ही काय केलं, आधी वांगी टाकायची ठरवली, मग बिनरंगवलेल्या रेशमाच्या लडी, आणि तिसऱ्या दिवशी बांगडी मोर. मग चित्र असं : राणी, लडी, वांगी, खाली मोरपंखी, हात, राणीचा पदर, त्याखाली अख्खी राणी, काळी, पोपटी. राण्या वर डावीकडे, मध्ये उजवीकडे, खाली डावीकडे. कुणी कुणाला टेकत नाही. हात आणि लडी एकाखाली एक आल्यामुळे मधोमध उजेड पडला. वांगीखाली मात्र राणीचा पदर येतो आणि दोघी गडद. मी नाक मुरडलं, पण बहीण म्हणाली, 'पदरावर जर आहे ना, ती चमकेल.' काळ्या-पांढऱ्यात बघितलं तर तिचंच बरोबर होतं.

तिला प्रत्येक तिसऱ्या पोस्टला मागाचा फोटो टाकून एक सरळ उभी पट्टी करायची हौस होती. मी नको म्हटलं. एक शुक्रवार चुकला किंवा दसऱ्याला एक जास्तीचा फोटो पडला, की तिथून वरची पट्टी शेजारच्या रांगेत उडी मारते. आणि मोडलेली पट्टी ही मुळात नसलेल्या पट्टीपेक्षा जास्त डोळ्यात खुपते.

राहिले माझ्या फिल्टरचे चौदा फोटो. टाकलेल्या पोस्टमधला फोटो बदलता येत नाही, म्हणजे ते अर्काइव्ह करणं आलं. मधून एक काढला की त्याच्या वरचे तीन आणि खालचे तीन यांच्या जोड्या नव्याने लागतात, बाकीच्या तशाच राहतात. म्हणून प्रत्येक वेळी फक्त तेवढे सहा बघायचे. रात्री साडेअकरापर्यंत आम्ही तेच करत होतो. नऊ गेले. पाच ठेवले, कारण त्या साड्या विकल्या गेल्या होत्या आणि त्यांच्यात निळा धागाच नव्हता.

सकाळी वांगीचे दोन फोटो काढले, एक उभ्याने, एक आडव्याने, दोन्ही एकाच पोस्टमध्ये. कुठला पुढे ठेवायचा यावर बहिणीचं आणि माझं जुंपलं. ग्रिडमध्ये लालसर जास्त खुलत होता. मामा मागावरून उठून आला, बघितलं आणि जांभळ्यावर बोट ठेवलं. 'घरी नेऊन घडी उघडली, की आधी हा दिसतो,' म्हणाला, आणि परत जाऊन बसला.

जांभळाच पुढे ठेवला. पुण्याच्या बाईंनाही तो पाठवून ठेवलाय. अजून उत्तर नाही.