पिशवी सीलबंद, तरी बाटली गेली

गेल्या महिन्यात एका जुन्या ग्राहकाचा अमेरिकेतून फोन आला. नवराबायको मुलाकडे निघाले होते. मुंबईहून युरोपात एक थांबा, तिथून अमेरिका आणि शेवटी तासाभराचं देशांतर्गत विमान. थांब्यावरच्या ड्यूटी फ्रीमधून त्यांनी मुलासाठी व्हिस्की घेतली आणि शेवटच्या विमानाआधी सिक्युरिटीने ती काढून घेतली. "अहो, सीलला आम्ही हातसुद्धा लावला नव्हता, पावतीही दाखवली," असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. पिशवी उरली आहे का, असं मी विचारलं. उरली होती, कारण तिच्यातली चॉकलेटं परत मिळाली होती. त्यांनी फोटो पाठवला आणि कोडं सुटलं. ती दुकानाच्या नावाची साधीच जाड पिशवी होती. ज्याला ते सील म्हणत होते ती वरची चिकटपट्टी होती आणि पावती बाहेरून स्टेपल केलेली होती.

आपल्या धंद्यात जिला ‘स्टेब’ म्हणतात ती पिशवी वेगळी असते. ती पारदर्शक असते आणि तिला लाल किनार असते. आत पावतीसाठी बाहेरून वाचता येईल अशी जागा असते. तोंडाची पट्टी एकदा चिकटली की ती सोलताना खूण उमटते, पुन्हा लावली तरी ती लपत नाही. अंतिम ठिकाणी पोचेपर्यंत उघडू नये, अशी सूचना तिच्यावर छापलेली असते. ही पिशवी प्रत्येकाला मिळत नाही. कॅशियर बोर्डिंग पास बघतो, पुढे कुठे जायचंय ते विचारतो आणि त्यावरून पिशवी ठरवतो.

आमच्या ग्राहकाचं इथेच बिनसलं. अमेरिकेपर्यंतचं तिकीट आम्ही काढलं होतं. पुढचं देशांतर्गत तिकीट मुलाने तिथून स्वस्तात वेगळं घेतलं होतं, ते आईच्या फोनवर ईमेलमध्ये पडून होतं. कॅशियरला जो बोर्डिंग पास दाखवला त्यावर अमेरिकेतलं पहिलं विमानतळ एवढंच होतं. त्याच्या हिशेबाने हा माणूस तिथे उतरून घरी जाणार, मग स्टेब कशाला? बाटली अडली सिक्युरिटीच्या पट्ट्यावर, पण तिचं भवितव्य ठरलं ते काही तास आधी, गल्ल्यावर.

हे सगळं सुरू झालं 2006 च्या ऑगस्टमध्ये. लंडनहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत शीतपेयाच्या बाटल्यांतून द्रव स्फोटक नेण्याचा कट ब्रिटनमध्ये उघड झाला. नोव्हेंबरपासून युरोपात 100 मिलीलिटरची मर्यादा आली. ड्यूटी फ्रीवाल्यांची विक्री मरू नये म्हणून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने या पिशवीचा तोडगा पुढे केला. पण तोडग्यात एक मूळची उणीव आहे. पिशवी बंद झाल्यावर कुणी उघडली नाही, एवढंच ती सांगते. ती कुणी बंद केली, दुकानात माल तपासून आला होता का, कोऱ्या पिशव्यांचा गठ्ठा कुणाच्या हाती लागू शकतो, यातलं काहीच पिशवीवरून कळत नाही. म्हणून पुढचा देश तिला पुरावा मानतो, परवाना नाही. युरोपात तर 31 जानेवारी 2014 पर्यंत, मोजके मान्य देश सोडले, तर बाहेरून आलेली स्टेबमधली बाटलीसुद्धा थांब्यावर काढून घेत. त्या तारखेपासून ती यंत्राने तपासून सोडायला सुरुवात झाली.

म्हणजे खरी स्टेब असूनही बाटली जाऊ शकते, ती या यंत्रापायी. काही यंत्रं बाटलीतून प्रकाशाचा झोत सोडून आतला द्रव ओळखतात, काही क्ष-किरणांनी. काच असेल तर काम सोपं. चिनी मातीचा सुरईसारखा बुधला किंवा धातूची बाटली असेल तर झोत आत पोचतच नाही. आत काय आहे हे कळलं नाही की उत्तर नकारार्थीच येतं. अमेरिकेचा नियम तर स्पष्ट आहे: जे तपासता येत नाही किंवा ज्यावर यंत्र वाजतं, ते केबिनमध्ये जाणार नाही, पिशवी कितीही शाबूत असो. गंमत अशी, की बुधल्यातली व्हिस्की बहुधा दुकानातली महागडी असते. आपल्याकडचे टिनच्या डब्यातले रसगुल्लेही याच पंगतीतले. पाक हा द्रवच.

अमेरिकेत स्टेबला आणखी दोन अटी आहेत. खरेदी परदेशातली आणि 48 तासांच्या आतली हवी, आणि मूळ पावती हवी. वाटेत दोन-तीन रात्री मुक्काम असलेल्या सहलीत ही मुदत सहज उलटते. तसा मुक्काम ज्या तिकिटात आहे, त्यात बाटली पहिल्या टप्प्यावर घेऊच नये, असं मी सरळ सांगतो.

आता त्या दांपत्याकडे परत. साधी पिशवी घेऊन ते अमेरिकेत उतरले तेव्हाही बाटली वाचवता येत होती. मुंबईहून नेहमीच्या वाटेने जाणाऱ्याला पहिल्या अमेरिकी विमानतळावर इमिग्रेशननंतर आपल्या बॅगा पट्ट्यावरून उचलाव्या लागतात. कस्टम्स पार करून त्या पुन्हा द्याव्या लागतात, तिकीट एक असो वा दोन. त्या मधल्या वीस पावलांत बॅग आपल्या ताब्यात असते. तिथे बाटली कपड्यांत गुंडाळून बॅगेत टाकली, की पुढची द्रवाची तपासणी तिला लागत नाही. सत्तर टक्क्यांहून जास्त अल्कोहोल चालत नाही. चोवीस ते सत्तर टक्क्यांतलं मद्य, न उघडलेल्या मूळ बाटलीत, माणशी पाच लिटरपर्यंत चेक-इन बॅगेत जातं. नेहमीची व्हिस्की त्यात आरामात बसते.

मग त्यांनी ती का टाकली नाही? एक तर कुणी सांगितलं नव्हतं. दुसरं कारण वहिनींनी सांगितलं. मुंबईला बॅगेवर पैसे देऊन प्लॅस्टिक गुंडाळून घेतलं होतं. "ते कोण फाडणार? आणि कात्री तर हातात ठेवू देत नाहीत." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पिशवीवरच्या त्या सूचनेनेही घोळ होतो, हे जाता जाता सांगतो. ‘अंतिम ठिकाण’ म्हणजे विमानातून उतरलं ते गाव, असं लोक धरतात आणि थांब्यावर परफ्यूम हुंगायला पिशवी फोडतात. खरं तर पिशवी शेवटची सिक्युरिटी पार होईपर्यंत टिकवायची असते. अपवाद एकच, बाटली बॅगेत टाकून बॅग चेक-इनला देणार असाल तर खुशाल फोडा. शिवाय तपासणी कुठे होते तेही जागोजागी वेगळं असतं. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर पहिल्या तिन्ही टर्मिनलवर ती थेट गेटपाशी होते, म्हणजे दुकान आधी आणि तपासणी नंतर.

आमच्या कार्यालयात आता अमेरिकेच्या प्रत्येक प्रवासपत्रिकेवर पहिल्या अमेरिकी विमानतळाच्या नावाखाली हाताने दोन ओळी लिहिल्या जातात: "ड्यूटी फ्रीत सगळे बोर्डिंग पास आणि पुढची तिकिटं दाखवून लाल किनारीची पिशवी मागा. इथे बॅग हातात आली की बाटली आत टाका." आणि दांपत्य वयस्कर असेल तर काउंटरवरची मुलगी तोंडी सांगते, बॅगेला प्लॅस्टिक गुंडाळू नका, साधं कुलूप लावा.