एक्याण्णवावा अध्याय

आम्ही वेलचेरीला राहतो. इथल्या शहर बसमध्ये बसलं की ड्रायव्हरच्या मागे तिरुक्कुरळमधली एखादी द्विपदी लिहिलेली दिसते. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेल्या आमच्या कॅडेट मुलीने शाळेतल्या भाषणासाठी याच ग्रंथाचा मराठी अनुवाद वाचायला घेतला. सैन्य आणि शौर्यावरचे ७७ आणि ७८ हे अध्याय तिला फार आवडले. ९१ व्या अध्यायाशी मात्र ती थांबली. "बाबा, हे मीही भाषणात म्हणायचं का?"

तिरुवळ्ळुवरांच्या या ग्रंथात १३३ अध्याय आहेत, प्रत्येकात दहा द्विपदी. ९१ वा अध्याय बायकोच्या सल्ल्याने चालणाऱ्या पुरुषावर आहे. अशा माणसाच्या हातून मोठं काम होत नाही, त्याला मान मिळत नाही, असा त्याचा सूर आहे. लगेच पुढचे तीन अध्याय वेश्या, मद्य आणि जुगार यांवर आहेत. म्हणजे बायकोचं ऐकणं कुठल्या रांगेत बसवलंय ते पाहा.

याच्या बचावात दोन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली अशी, की हा भाग राज्यकारभाराचा आहे आणि इशारा आहे तो मोहात बुडालेल्या राजाला. यात तथ्य आहे, पण अर्धंच. मोहच टाळायचा असता, तर लाडक्या मित्राच्या किंवा भावाच्या नादी लागणाऱ्यावरही असाच अध्याय हवा होता. इथे तर बाईच्या सांगण्याने वागणाऱ्या पुरुषापेक्षा लाजरी बाई बरी, अशी तुलना आहे. दोष सल्ल्याचा नाही, सल्ला देणारी बाई आहे याचा आहे.

दुसरा बचाव काळाचा: तेव्हा सगळे असंच मानत. हाही पुरता टिकत नाही. तमिळच्या त्याहून जुन्या समजल्या जाणाऱ्या संगम काव्यात अव्वैयार भेटते. ती कवयित्री अदियमान या सरदाराची दूत म्हणून तोंडैमानच्या दरबारी गेली होती. बाईच्या शहाणपणावर राज्याचं काम सोपवता येतं, हे त्या मातीत ठाऊक होतं. आज मरीना किनाऱ्यावर वळ्ळुवर आणि अव्वैयार या दोघांचेही पुतळे उभे आहेत.

मग ग्रंथ बाजूला ठेवायचा? मला तसं वाटत नाही. या अध्यायाला खोडून काढणारं माप खुद्द वळ्ळुवरांनीच दिलं आहे. ५१ व्या अध्यायात ते सांगतात, की ज्याच्यावर विश्वास टाकायचा त्याची धर्म, पैसा, सुख आणि प्राणभय या चार कसोट्यांवर आधी पारख करावी. ४३ व्यात ते म्हणतात, की बोलणारा कोणीही असो, बोलण्यातलं खरं काय ते पाहणं म्हणजे शहाणपण. ही मापं ९१ व्या अध्यायाला लावा. तिथे एकही कसोटी न लावता निकाल दिलेला आहे. कवी तिथे आपल्याच नियमाला चुकला आहे.

असं वाचन चेन्नईला नवं नाही. पेरियार यांनी स्त्रियांच्या गुलामगिरीवरच्या आपल्या पुस्तकात वळ्ळुवरांच्या पातिव्रत्याच्या कल्पनेवर कडक टीका केली. त्याच पेरियारांनी १९४९ मध्ये मद्रासला कुरळसाठी परिषद भरवली. आणि कुरळ मराठीत आणण्याची मेहनत साने गुरुजींनी घेतली.

माझी सूचना साधी आहे. शाळांमध्ये कुरळ शिकवताना ९१ वा अध्याय गुपचूप गाळू नये. गाळला की मुलं पुढे कधीतरी तो एकटीने वाचतील, आणि मग एक तर सगळा ग्रंथ खोटा मानतील किंवा ती दहाही वाक्यं खरी. तो ५१ व्या अध्यायाशेजारी ठेवून वाचावा आणि कॅडेट्सना विचारावं, या दोन्हींतलं कोणतं माप तुम्ही तुमच्या तुकडीत लावाल? आमच्या घरापासून जवळच सेंट थॉमस माउंटला ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी आहे. तिथे १९९२ पासून मुली अधिकारी होण्याचं प्रशिक्षण घेतात. त्यांच्या हुकमावर चालणाऱ्या जवानाला यातला कोणता अध्याय कामाचा, हे कोणीही सांगेल.

मुलीने भाषण बदललं नाही, वाढवलं. शौर्याचे अध्याय ठेवले, शेवटी दोन मिनिटं ९१ व्यावर घेतली आणि त्याला उत्तर ५१ व्यातून दिलं. मी फक्त घड्याळ लावून बसलो होतो.