‘ठरले आहे’ असे सांगितले जाते तेव्हा

‘दिवाळीनंतर आपण गावी राहायला जातो आहोत.’ चाळीस वर्षांच्या संसारानंतर पत्नीने हे वाक्य पतीच्या तोंडून ऐकावे, आणि त्या ‘आपण’मध्ये आपल्याला कोणी विचारलेच नव्हते हे तिच्या ध्यानात यावे, असे अनेक घरांत घडते. कधी हे उलटही होते. नातवंडाच्या बाळंतविड्यापासून पुढची दोन वर्षे लेकीकडे परदेशात राहण्याचे आजींनी फोनवर कबूल केलेले असते आणि आजोबांना ते व्हिसाची कागदपत्रे मागितली जातात तेव्हा कळते. निवृत्तीनंतर पुन्हा एखादी नोकरी, तीही दुसऱ्या शहरात, पत्करणारे गृहस्थही यातलेच.

अशा वेळी दोन प्रश्न एकमेकांत मिसळून जातात. पहिला, ते ठिकाण आपल्याला झेपेल का? दुसरा, मला का विचारले नाही? बहुतेक भांडणे दुसऱ्या प्रश्नाची असतात. पण ती पहिल्याच्या नावाने होतात. ‘तिथे दवाखाना कुठे आहे?’ असे विचारले जाते, समोरून दवाखान्याचे नाव सांगितले जाते, आणि दुखावलेले मन तसेच राहते. म्हणून हे प्रश्न वेगळे करावेत. मात्र त्याआधी एक तातडीचे काम असते: निर्णय नेमका कोणत्या टप्प्यावर आहे हे शांतपणे जाणून घेणे.

कोणताही मोठा बेत टप्प्याटप्प्याने पक्का होतो. आधी मनातली इच्छा, मग चौकशी, मग कोणाला तरी दिलेला शब्द, मग पैशांची देवाणघेवाण आणि शेवटी सही. ‘ठरले आहे’ हा शब्द या पाचही टप्प्यांसाठी वापरला जातो. पहिल्या दोन टप्प्यांत काहीच हातचे गेलेले नसते. तिसऱ्यात थोडा संकोच सोसावा लागतो, चौथ्यात कदाचित काही पैसे. पाचव्यानंतर मात्र मागे फिरणे फार अवघड होते.

एक कल्पित, पण आपल्याला ओळखीचे वाटेल असे उदाहरण घेऊ. डोंबिवलीत राहणारे एक दांपत्य. आजोबा 70 वर्षांचे, आजी 66 वर्षांच्या. आजोबांची दापोलीजवळ वडिलोपार्जित जागा आहे. तिथे लहानसे घर बांधून आंब्याची कलमे लावावीत ही त्यांची जुनी ओढ. आजींना मधुमेह आहे, गुडघे दुखतात आणि काचबिंदूसाठी डोळ्यांत रोज थेंब घालावे लागतात. एके दुपारी घरी दलालाचा फोन आला आणि आजींना कळले, की फ्लॅटसाठी गिऱ्हाईक मिळाले आहे, आजोबांनी एक लाख रुपये बयाणा घेतला आहे आणि वीस दिवसांत करार नोंदवायचा आहे.

आजींनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे कपाटातून घराचा मूळ करारनामा काढला. फ्लॅट दोघांच्या नावे होता. घर दोघांच्या नावे असेल तर ते संपूर्ण विकण्यासाठी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात दोघांच्याही सह्या आणि अंगठे लागतात. म्हणजे बेत चौथ्या टप्प्यावर होता, पाचव्या नव्हे. मग त्यांनी बयाण्याची पावती मागून वाचली: व्यवहार मोडल्यास किती रक्कम परत करायची, किती दिवसांत, हे तिच्यात लिहिलेले होते. या दोन कागदांनी त्यांच्या मनातली धडधड निम्मी कमी झाली.

घर एकाच्याच नावे असेल तर परिस्थिती वेगळी असते. कायद्याने मालक ते विकू शकतो. पत्नीला राहत्या घरात राहण्याचा हक्क 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने दिलेला आहे, परंतु तो आपल्या बाबतीत कितपत उपयोगी पडेल हे वकिलाकडूनच समजून घ्यावे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य कायदेशीर साहाय्य मिळू शकते. आणखी एक काळजी घ्यावी. ‘तुला निबंधकाकडे दगदग नको’ म्हणून मुखत्यारपत्रावर सही मागितली गेली, तर ते घरी ठेवून घ्यावे, सावकाश वाचावे आणि विश्वासातल्या जाणत्या माणसाला दाखवावे. मुखत्यारपत्रावरची सही ही पुष्कळदा विक्रीवरचीच सही ठरते.

‘कर वाचवायचा तर घाई केलीच पाहिजे,’ असेही सांगितले जाते. वस्तुतः जुने राहते घर विकून झालेला नफा नव्या घरात गुंतवून सवलत घ्यायची असेल, तर तयार घर घेण्यासाठी विक्रीनंतर दोन वर्षांची आणि बांधण्यासाठी तीन वर्षांची मुदत असते. शिवाय मुळात विक्रीच झाली नसेल तर करही नाही. तेव्हा घाई कोणाची आहे, हे पाहावे.

आता मनाच्या प्रश्नाकडे येऊ. आजींनी तो रात्री, भांडीकुंडी आवरल्यावर, दूरदर्शन संच बंद करून विचारला. ‘अहो, गावाला जायचं की नाही ते आपण मागाहून बोलू. आधी एवढंच सांगा, मला का नाही विचारलंत?’ आजोबा बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘तू नाही म्हणाली असतीस.’ त्यावर आजी म्हणाल्या, ‘मग नाही म्हणायची संधी तरी द्यायची होतीत.’

आजोबांचे उत्तर प्रामाणिक होते. न विचारण्यामागे बहुधा नकाराची भीती असते. काही घरांत जुनी सवय असते: नोकरीत बदलीचा हुकूम येई आणि बिऱ्हाड बांधले जाई, तेव्हा विचारण्यासारखे काही नव्हतेच, आणि तीच रीत निवृत्तीनंतरही चालू राहते. काही वेळा लपवलेली चिंता असते, एखादे कर्ज, बुडालेली ठेव किंवा न सांगितलेला आजार. म्हणून ‘का’ विचारल्यावर उत्तरासाठी थांबावे; स्वतःच उत्तर पुरवू नये.

इथे दोन वैद्यकीय शक्यता ध्यानात ठेवाव्यात. पहिली अगदी साधी: ‘मी तुला सांगितले होते’ हे खरे असू शकते. वयानुसार ऐकू कमी येऊ लागले की माणूस अर्धे ऐकून मान डोलावतो, आणि दुसऱ्याला ती संमती वाटते. असा वाद वारंवार होत असेल तर दोघांनीही श्रवणचाचणी करून घ्यावी.

दुसरी अधिक गंभीर आहे. आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवणारा, चार जणांना विचारून पाऊल उचलणारा माणूस गेल्या काही महिन्यांत अचानक मोठे व्यवहार परस्पर करू लागला असेल, तर तो केवळ स्वभाव म्हणून सोडून देऊ नये. त्याच्या जोडीला विजेचे बिल भरायचे राहणे, तीच गोष्ट पुनःपुन्हा सांगणे, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळणे, परक्यांवर चटकन विश्वास टाकणे किंवा विनाकारण चिडणे दिसत असेल, तर मेंदूच्या आजाराची किंवा नैराश्याची ती सुरुवात असू शकते. थायरॉईडचा बिघाड आणि ‘बी-12’ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही विचारशक्ती मंदावते, आणि त्यांवर उपचार आहेत. कुटुंबाच्या डॉक्टरांना हे बदल तारीखवार लिहून दाखवावेत. ‘तुमचे डोके ठिकाणावर नाही’ असे म्हणून तपासणीला नेऊ नये. ‘दोघांचीही वार्षिक तपासणी करून येऊ’ असे म्हणावे. मात्र आयुष्यभर परस्परच ठरवत आलेल्या माणसाची ही सवय म्हणजे आजार नव्हे, हा फरक लक्षात असू द्यावा.

शेवटी उरतो ठिकाणाचा प्रश्न, आणि तो चर्चेने सुटत नाही, राहून पाहिल्याने सुटतो. आपल्या आजी-आजोबांनी गिऱ्हाइकाकडे मुदत मागितली. तो थांबायला तयार नव्हता, म्हणून बयाणा परत केला आणि दलालाला ठरलेले थोडे पैसे सोडून दिले. मग फ्लॅटला कुलूप लावून दोघे गावी चुलत भावाच्या घरी सहा आठवडे राहिले, तेही जून-जुलैमध्ये. मे महिन्यातले कोकण कोणालाही आवडते. परीक्षा पावसाळ्यात होते. निघताना आजींनी दोन महिन्यांची औषधे, चष्म्याचा आणि साखरेच्या तपासणीचा कागद बरोबर घेतला आणि एक वही ठेवली. रोज त्यात तीन गोष्टी लिहायच्या: आज पतीखेरीज कोणाशी बोलले, कशासाठी दुसऱ्याची मदत लागली, आणि रात्री झोप कशी लागली.

वहीतून जे दिसले ते दोघांच्याही अंदाजापेक्षा वेगळे होते. आजींना वाटले होते की करमणार नाही; पण शेजारच्या बायका रोज येत. अडचण दुसरीच निघाली. शेवाळलेल्या पायऱ्यांमुळे त्या बारा दिवस अंगणाबाहेर पडल्या नव्हत्या. वीज गेल्यावर काचबिंदूच्या डोळ्यांना न्हाणीघरापर्यंतची वाट दिसत नसे. नेत्रतज्ज्ञांकडे ठरलेल्या वेळी मुंबईला यायचे तर आधी गाडीने खेड गाठायचे आणि तिथून रेल्वे. डोंबिवलीत घराची दुसरी किल्ली शेजारणीकडे असते आणि औषधांचे दुकान जिन्याखाली, याची किंमत त्यांना इथे कळली, आणि आजोबांनाही.

त्यांनी फ्लॅट विकला नाही. गावी छोटे घर बांधायचे ठरले, तेही न्हाणीघर आत, पायरीला कठडा आणि रात्रीच्या दिव्याला बॅटरीची सोय धरूनच. आजोबा कलमांसाठी वर्षातून चार महिने तिथे राहतील, आजी त्यांतले दोन. आजोबांना हे पूर्ण पसंत नाही आणि आजींनाही नाही. पण ते दोघांचे आहे. ज्यांना काही काळ सलग राहून पाहायचे असेल त्यांनी शहरातले घर विकण्याऐवजी अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर द्यावे. परतीची वाट शाबूत राहते.

मुला-सुनांना आणि काळजीवाहकांना एकच विनंती. वडिलांनी किंवा आईने असा बेत आधी तुम्हाला सांगितला, तर मत देण्यापूर्वी विचारा, ‘आईला सांगितलंत का?’ नसेल, तर तुम्ही निरोप्या होऊ नका आणि गुपितही सांभाळू नका. ‘आठ दिवसांत तुम्हीच सांगा, मग आपण चौघे बसू’ असे सांगा. मुलांना ठाऊक होते आणि मलाच नव्हते, हे दुखणे मूळ दुखण्यापेक्षा अधिक काळ राहते.

आणि जिथे विचारण्याचीच भीती वाटते, सहीसाठी दमदाटी होते, हात उगारला जातो किंवा औषधपाणी अडवले जाते, तिथे वरील संवादाचा मार्ग लागू नाही. तिथे ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 14567 किंवा महिलांसाठीच्या 181 या क्रमांकावर फोन करावा आणि तोपर्यंत कोणत्याही कागदावर सही करू नये.