वेगाची पाटी

उळवीच्या रस्त्यावर माघात दोन युगे एकत्र चालतात. चन्नबसवेश्वराच्या जत्रेला धारवाड-बेळगावकडचे भक्त बैलगाड्यांनी येतात आणि त्यांच्या मागून बसेस, जीपगाड्या व मोटारसायकली येतात. अशा रस्त्यावर वेग किती असावा, हा प्रश्न चालकाच्या मर्जीवर सोडता येत नाही.

केंद्र सरकारने 2018 साली कमाल वेग ठरवून दिले. आपल्याकडच्यासारख्या साध्या रस्त्यावर मोटारीला ताशी 70 किलोमीटर, बस, ट्रक व मोटारसायकलीला 60 आणि तीनचाकीला 50. हा पंक्तिप्रपंच नव्हे. भरलेली बस जड असते, म्हणून थांबायला अधिक अंतर घेते, आणि तिचा भार उंचावर असल्याने वळणावर कलते. तीनचाकी तर पुढच्या एकाच चाकामुळे वळणावर लवकर उलटते. मात्र हे आकडे कमाल मर्यादेचे आहेत. घाटात तेवढ्या वेगाने जावेच, असा त्यांचा अर्थ नाही.

आता शाळेचा विचार करू. समजा, 20 मीटरवर एक मूल अचानक रस्त्यात आले. चालकाला ते दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. ताशी 60 च्या वेगात तेवढ्यात मोटार 25 मीटर गेलेली असते. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच धडक, तीही पूर्ण वेगाने! 40 च्या वेगात ब्रेक लागतो, पण कोरड्या रस्त्यावरही धडक सुमारे 30 च्या वेगाने बसतेच. 30 च्या वेगात मात्र मोटार साडेसतरा मीटरांत थांबते आणि मूल वाचते. पावसात ही शिल्लकही उरत नाही.

इस्पितळापाशी अडचण निराळी. सहा मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला आजारी म्हातारीला सात-आठ सेकंद लागतात. तेवढ्यात 60 च्या वेगाची गाडी सुमारे सव्वाशे मीटर येते. वळणामुळे तेवढे पुढचे दिसतच नसेल, तर दोष म्हातारीच्या पायांचा कसा?

मोटार वाहन कायद्याचे 112 वे कलम राज्य सरकारला, किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याला, वेग कमी करण्याची मुभा देते. अट एवढीच, की तशी पाटी रस्त्यावर हवी. महिन्याहून अधिक काळ नसलेल्या बंधनाला राजपत्रातील अधिसूचनाही लागत नाही. मग जत्रेच्या दिवसांत उळवीच्या वाटेवर 30 ची पाटी का लागू नये? बैलगाडी ताशी चार-पाच किलोमीटरने जाते. वळणापलीकडे ती उभीच आहे असे चालकाने समजावे, हेच शहाणपणाचे.

पण नुसत्या पाटीने गाडी मंदावत नाही. रुंद, सरळ रस्ता चालकाला पळ म्हणतो आणि पाटी थांब म्हणते. तेव्हा चालक रस्त्याचेच ऐकतो. म्हणून पाटीच्या आधी रस्त्यावर उंचवटे हवेत. पाटी लावून फाईल बंद करणाऱ्यांनी एवढे काम पुरे करावे, हीच आमची मागणी.