तबकडीच्या फोटोवरून वय ठरत नाही



रविवारच्या पुरवणीत खिशातल्या घड्याळाचा फोटो छापून त्याखाली ‘दीडशे वर्षांपूर्वीचे अस्सल इंग्लिश घड्याळ’ असे लिहिले आहे. त्याला माझी स्पष्ट हरकत आहे. तबकडीवर इंग्रजीत ‘व्हिक्टोरिया, लंडन, १८७६’ असे ठळक छापलेले दिसते. व्हिक्टोरिया हे राणीचे नाव, घड्याळजीचे नव्हे. त्या काळचा इंग्लिश कारागीर आपले नाव, गाव आणि क्रमांक आतल्या मशीनवर कोरत असे. साल कळे ते चांदीच्या केसवरच्या शिक्क्यांतल्या अक्षरावरून. ते तबकडीवर मिरवण्याची रीत नव्हती. बनावट नावांची ही खोड जुनीच आहे. अठराव्या शतकातही युरोपात इतरत्र बनलेली स्वस्त घड्याळे ‘टार्ट्स, लंडन’ अशा नावाने विकली गेली. बॅलन्स चाकावरची नक्षीदार पट्टी इंग्लिश घड्याळात एकाच बाजूला स्क्रूने बसवलेली असते, त्या बनावट घड्याळांत बहुधा दोन्ही बाजूंना. पण हे कळायला मागचे झाकण उघडावे लागते, आणि फोटोत नेमके तेच बंद आहे.

झाकण उघडलेला फोटो मिळाला, तर मी आधी मशीनच्या कडेचे स्क्रू पाहतो. मशीन केसमध्ये धरून ठेवणाऱ्या या स्क्रूंची डोकी केसच्या कडेवर दाबली जातात आणि तिथे चंद्रकोरीसारखे ओरखडे उमटतात. ओरखडे स्क्रूपाशीच असले तर ठीक. ते बोटभर दूर, मोकळ्या जागी दिसले, तर त्या केसमध्ये पूर्वी दुसरे मशीन होते असे समजावे. आतल्या झाकणाला किल्लीचे भोक आहे, पण त्याखाली किल्ली बसणारे चौकोनी टोक नाही आणि चावी मात्र वरच्या बोंडाने देतात, तर मग शंकेलाही जागा उरत नाही. वॉल्थमसारख्या अमेरिकन कारखान्यांची मशीन आणि केस मात्र अनेकदा वेगवेगळी विकली जात. तिथे केसवर दुसऱ्या कंपनीचे नाव असणे हा दोष नाही.

आता आपल्या फोटोतला काळपट रंग. पितळ वापरात असले की कडी, बोंड आणि पाठीचा फुगीर भाग बोटांनी घासून उजळ राहतो, काळेपणा नक्षीच्या खाचांत साठतो. इथे कडीसुद्धा खाचांइतकीच तपकिरी आहे आणि नक्षीच्या कडा मात्र नव्यासारख्या धारदार. रसायनात बुडवलेली केस अशी दिसते. झाकणाच्या आतल्या बाजूलाही तोच रंग निघाला तर खात्रीच पटेल, कारण बंद झाकणाच्या आत हवा आणि हात दोन्ही कमीच पोचतात.

मशीन बदललेले घड्याळ विकण्यात गैर काही नाही. ते सांगून विकावे. पण आपला मजकूर वाचून कोणी जुन्या बाजारात हजारो रुपये मोजेल. म्हणून झाकण उघडलेला, क्रमांक आणि शिक्के वाचता येतील असा फोटो छापा. तो मिळत नसेल, तर ‘दीडशे वर्षांपूर्वीचे’ आणि ‘अस्सल’ हे दोन्ही शब्द पुढच्या अंकात मागे घ्या.

– एक घड्याळ संग्राहक, पुणे