मुलाखतीत मोठ्यानं विचार का करायचा

सॉफ्टवेअर इंटर्नशिपच्या तांत्रिक मुलाखतीत एक प्रश्न पुढे ठेवतात आणि सांगतात, 'सोडवताना मोठ्यानं विचार करा.' या एका अटीवर उदगीर, लातूर, नांदेडकडची बरीच हुशार मुलं नाराज असतात. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही, म्हणून आधी ते पुरतं मांडतो.

ती म्हणतात, प्रोग्राम बरोबर आहे की चूक हे चालवून पाहिलं की कळतं. मग तो लिहिताना बडबड कशासाठी? ज्याला बोलता येतं तो पुढे जातो आणि ज्याला येतं पण बोलता येत नाही तो मागे राहतो. त्यात पुन्हा इंग्रजी. घरात मराठी, कन्नड किंवा उर्दू, वर्गात मराठीमिश्रित इंग्रजी, आणि पुण्या-हैदराबादचा माणूस कॅमेऱ्यासमोर बसून अस्खलित बोलण्याची वाट पाहणार. शिवाय डोकं चालत असताना तोंड चालवलं की विचाराचा धागा तुटतो, हा तर प्रत्येकाचा अनुभव आहे.

यातला शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याला संशोधनाचा आधारही दिला जातो. 2020 साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी संगणकशास्त्राच्या 48 विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी परीक्षकासमोर फळ्यावर, बोलत बोलत प्रश्न सोडवला. बाकीच्यांनी तसाच प्रश्न बंद खोलीत एकट्यानं सोडवला. परीक्षकासमोरच्यांची कामगिरी निम्म्याहून खाली घसरली. मुलाखतीच्या विरोधात यापेक्षा भक्कम पुरावा कुठला, असं कुणालाही वाटेल.

पण त्या प्रयोगात दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या: कुणीतरी आपल्याकडे बघतंय ही धास्ती, आणि बोलायची सक्ती. घसरण नक्की कशानं झाली हे त्यावरून वेगळं काढता येत नाही. फक्त बोलण्याचा परिणाम पाहायचा तर मागे जावं लागतं. अँडर्स एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन या दोघांनी 1980 मध्ये यावर सविस्तर लिहिलं, पुढे 1984 मध्ये त्याचं पुस्तक केलं. त्यांचं निरीक्षण असं, की डोक्यात जे चाललंय तेच तोंडानं पुटपुटलं तर विचाराची दिशा बदलत नाही, फार तर वेग थोडा मंदावतो. दिशा बदलते ती प्रत्येक पावलाचं कारण दुसऱ्याला समजावून सांगायला लावलं तर. पुढे 1993 मध्ये जोनाथन स्कूलर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ज्या कोड्यांची उकल एकदम सुचावी लागते तिथे बोलणं आड येतं. पायरी-पायरीनं सुटणाऱ्या प्रश्नांत तसं दिसलं नाही.

म्हणजे मुलांची तक्रार अर्धी खरी आहे. आणि तिच्यातला खरा भाग त्यांच्या विरोधकांवर उलटतो. मुलाखतीच्या तयारीचे कित्येक मार्गदर्शक सांगतात, 'एक क्षणही गप्प बसू नका.' हा सल्ला घातक आहे. कल्पना अजून सुचायची असते तेव्हा गप्प बसण्याची मुभा हवीच. 'दोन मिनिटं कागदावर विचार करते, मग सांगते,' असं म्हणून गप्प बसलेल्या मुलीनं काही गमावलेलं नसतं. समोरच्याला त्या शांततेचा अर्थ कळलेला असतो. न सांगता आलेली शांतता वेगळी. व्हिडिओ कॉलवर तर नेट गेलं, प्रश्न कळला नाही की डोकं चालतंय, हेही पलीकडच्याला उमगत नाही.

आता पहिला आक्षेप: प्रोग्राम चालला की झालं. हा कुठे फसतो ते एका प्रश्नावरून पाहू. प्रश्न मुलाखतीत जुनाच आहे, मी त्याला फक्त आपल्या मोंढ्याचा वेष देतो. सोयाबीनचे सहा दिवसांचे भाव दिलेत, आकडे मनाचे आहेत: 4200, 4050, 4310, 3980, 4190, 4120. एकदाच घ्यायचं आणि नंतरच्या एखाद्या दिवशी एकदाच विकायचं. क्विंटलमागे जास्तीत जास्त नफा किती?

गप्प बसून सोडवणाऱ्या मुलाच्या मनात बहुतेक वेळा हे येतं: सर्वांत कमी भाव शोधू, मग त्यानंतरचा सर्वांत जास्त भाव शोधू. कमी भाव 3980, त्यानंतरचा जास्त 4190, नफा 210. तो भराभर टाइप करतो. दोन लूप, नीटनेटका कोड. दहा-पंधरा मिनिटं गेलेली असतात. मग परीक्षक विचारतो, 'दुसऱ्या दिवशी घेऊन तिसऱ्या दिवशी विकलं तर?' 4310 वजा 4050, म्हणजे 260. सगळं पुसायची वेळ येते आणि वेळ तर उरलेला नसतो.

हाच मुलगा टाइप करण्याआधी एकच वाक्य बोलला असता, 'मी आधी सगळ्यात कमी भाव पकडणार आणि मग पुढचा सगळ्यात जास्त,' तर परीक्षकाला चूक त्याच क्षणी दिसली असती. बहुतेक परीक्षक अशा वेळी उत्तर सांगत नाहीत, एखादं छोटं उदाहरण पुढे सरकवतात: 'बरं, या सहा भावांवर हाताने करून बघ.' पंधरा मिनिटांची चूक एका मिनिटात निघते. मोठ्यानं विचार करण्याचा फायदा तो हा. परीक्षकाला मदत करता यावी म्हणून आपला निर्णय, तो कोडमध्ये गाडला जाण्याआधी, उघड्यावर ठेवायचा.

दुसरं असं, की मोठ्या कंपन्यांत मुलाखत घेणारा नंतर लेखी टिपण देतो आणि निवड पुष्कळदा त्या टिपणांवरून होते. वरच्या मुलाबद्दल तो काय लिहील? 'उत्तर चुकलं.' बोलणाऱ्याबद्दल लिहील, 'पहिला मार्ग चुकीचा होता, उदाहरणावर स्वतः तपासला, बदलला.' चूक दोघांची एकच. गप्प बसलेल्याच्या डोक्यातलं टिपणात येणार तरी कसं?

पण बोलायचं म्हणजे नेमकं काय? पुष्कळ मुलं बोलायला लागतात आणि वाचून दाखवतात: 'आता फॉर लूप लिहितो, आता इफ लिहितो.' हे स्क्रीनवर दिसतंच आहे, त्यानं परीक्षकाला काही कळत नाही आणि बोलणाऱ्याचा दम मात्र जातो. बोलायचे ते निर्णय, आणि या प्रश्नात ते मोजके आहेत. सुरुवातीला शंका विचारायची: 'भाव रोज घसरतच गेले तर उत्तर शून्य द्यायचं ना, की तोटा दाखवायचा? यादी रिकामी येऊ शकते का?' मग साधा मार्ग आणि त्याची किंमत: 'प्रत्येक खरेदीच्या दिवसाची पुढच्या प्रत्येक दिवसाशी जोडी लावतो. सहा दिवसांच्या 15 जोड्या होतात, एक लाख दिवस असतील तर जवळपास 500 कोटी. हे परवडणार नाही.' मग थोडी शांतता, जी लागते ती. आणि मग वळण: 'प्रत्येक दिवशी आज विकलं तर काय, एवढंच बघतो. त्यासाठी आजवरचा सर्वांत कमी भाव लक्षात ठेवला की पुरे.' एवढं बोलून झालं, की कोड मुकाट्यानं लिहिला तरी चालतो:

```python
def max_nafa(bhav):
    kami = bhav[0]
    nafa = 0
    for b in bhav[1:]:
        nafa = max(nafa, b - kami)
        kami = min(kami, b)
    return nafa
```

लिहून झाल्यावर पुन्हा तोंड उघडायचं, आणि हा भाग मुलं हटकून गाळतात. हाताने चालवून दाखवायचं: '4050 ला किमान भाव बदलला. 4310 ला नफा 260. 3980 ला किमान भाव पुन्हा उतरला, पण नफा 260 च राहिला. 4190 ला 210 येतात, ते कमी आहेत, म्हणून सोडले.' पहिल्या मार्गाची चूक इथे कशी टळली हे त्यात आपोआप येतं. आणि यादी रिकामी आली तर `bhav[0]` वरच प्रोग्राम पडेल, हे स्वतःहून सांगितलं तर परीक्षकाला विचारावं लागत नाही.

आता इंग्रजीचं. वरचे सगळे निर्णय मिळून दहा-बारा छोटी वाक्यं होतात. लूप, लिस्ट, इंडेक्स हे शब्द आपण मराठीत बोलतानाही तेच वापरतो. अस्खलितपणा यात कुठेच लागत नाही. समोरचा भारतीय असेल तर सुरुवातीलाच विचारावं, 'मध्ये हिंदीत बोललं तर चालेल का?' पुष्कळ जण हो म्हणतात. परदेशातला असेल तर ही वाट बंद, हे खरं. तिथे तुटक वाक्यांवरच भागवावं लागतं, आणि भागतं.

माझ्या मते खरी अडचण भाषेची नाहीच, सवयीची आहे. आपल्याकडच्या मुलाचं शालेय आयुष्य लातूर पॅटर्नच्या सावलीत गेलेलं असतं. त्या पॅटर्ननं खेड्यापाड्यांतल्या मुलांना मेडिकल-इंजिनिअरिंगच्या दारात नेलं, त्याचं ऋण मी मानतो. पण तो उभा राहिला लेखी परीक्षांसाठी. नीट असो की सीईटी, तिथे फक्त पर्याय निवडायचा असतो. मधला विचार कुणी पाहत नाही, आणि नीटमध्ये तर चुकीच्या पर्यायाचे गुण कापले जातात. अशी वर्षं काढलेल्या मुलाला अर्धवट विचार उघड करणं म्हणजे चूक कबूल करणं वाटतं. तांत्रिक मुलाखतीत अर्धवट विचारालाच भाव असतो, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

ही सवय खोलीत एकट्यानं शंभर प्रश्न सोडवून जात नाही. त्याला ऐकणारा लागतो, आणि त्याला कोडिंग यायची गरज नाही. धाकटी बहीण असेल, कॉमर्सचा मित्र असेल. त्यानं फक्त 'हे का?' आणि 'दुसरं काही करता येईल का?' एवढंच विचारत राहायचं. पहिले काही दिवस मराठीतच. निर्णय सांगायची सवय लागली, की तेच इंग्रजीत सांगायला फार दिवस लागत नाहीत; दोन्ही एकदम शिकायला गेलं तर दोन्ही अडकतात. फोनवर रेकॉर्डिंग करून ऐकावं आणि एकच गोष्ट तपासावी: कोड न बघता, नुसतं ऐकून, मार्ग कधी आणि का बदलला हे कळतं का? बोलण्याचा काही उपयोग झाला की नाही, हे तिथेच समजतं.

मुलाखत घेणाऱ्यांकडूनही एक अपेक्षा आहे. 2020 च्या प्रयोगातली धास्ती खरी आहे आणि ती उतरवणं त्यांच्या हातात आहे. प्रश्न दिल्यावर पाच मिनिटं कॅमेरा आणि माइक बंद करू द्यावा, मग 'काय ठरवलंस?' असं विचारावं. विचार ऐकायला मिळतोच, आणि नजरेचा दाब मधून जातो.

उदगीर-लातूरच्या महाविद्यालयांना तर यासाठी वेगळं काही उभारावं लागणार नाही. प्रात्यक्षिक परीक्षेत तोंडी असतेच. तिथे 'ॲरे म्हणजे काय' असं विचारून पाठ केलेली व्याख्या ऐकण्याऐवजी न पाहिलेली भावांची यादी समोर ठेवावी, दहा मिनिटं द्यावीत, आणि उत्तर चुकलं तरी मार्ग सांगितल्याचे गुण द्यावेत.